बिल भरलंय म्हणणाऱ्या ग्राहकाला उत्तर लिहिताना

"ते बिल आम्ही कधीच भरलंय. तुमचं तुम्ही बघा." लहान व्यवसायात वसुलीचं काम पाहणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. समोरचा चिडलेला असतो. आपल्या वहीत त्याच्या नावावर बाकी दिसत असते आणि मालक विचारत असतात, "त्याला काय उत्तर पाठवलं?" अशा वेळी घाईने लिहिलेल्या चार ओळींनी वर्षानुवर्षांचा ग्राहक दुखावतो. उलट भीत भीत लिहिलेल्या चार ओळींनी हातचे पैसे जातात.

उत्तर लिहायला घेण्याआधी ग्राहकाने आपल्याला नेमकं काय सांगितलं, हे नीट पाहावं. "भरलंय" म्हणणारा माणूस काम झालं नाही म्हणत नाही, दर जास्त लावला म्हणत नाही आणि बिलच मिळालं नाही असंही म्हणत नाही. काम, दर आणि बिल तिन्ही त्याला मान्य आहेत. वाद उरतो तो एवढाच, की त्याच्याकडून निघालेले पैसे कुठे आहेत. म्हणजे हा शोध आहे आणि त्यात ग्राहक आपल्या बाजूला हवा. पुढे पत्रात जो सौम्यपणा आणायचा, तो या समजुतीतून यायला हवा. नुसते "कृपया" आणि "विनंती" पेरून तो येत नाही.

एक उदाहरण धरून चालू. कोल्हापुरातली एअर कंडिशनर दुरुस्त करणारी एक भागीदारी फर्म आहे असं समजा. सांगलीतल्या एका हॉटेलची वार्षिक देखभाल तिच्याकडे आहे. 3 मार्चचं बिल क्रमांक 118: काम 40,000 रुपयांचं, त्यावर 18 टक्के जीएसटी 7,200, एकूण 47,200. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात फर्मच्या ऑफिसातून आठवणीचा मेसेज गेला आणि हॉटेलमालकांचं उत्तर आलं, "मार्चमध्येच पाठवलेत. पुन्हा पुन्हा मेसेज करू नका."

ऑफिसातल्या मुलीने पहिल्या रागात लिहिलेला मसुदा असा होता:

"साहेब, आपल्या म्हणण्यानुसार आपण पेमेंट केले आहे, परंतु आमच्या रेकॉर्डनुसार बिल क्र. 118 अद्याप बाकी आहे. कृपया पेमेंट केल्याचा पुरावा तातडीने सादर करावा, अन्यथा पुढील सर्व्हिस देता येणार नाही."

व्याकरण बिनचूक आहे, "साहेब" आहे, "कृपया" आहे, तरीही हे पत्र वाचणाऱ्याच्या कानशिलात बसतं. "आपल्या म्हणण्यानुसार" लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, हे आपल्याला खोटं ठरवताहेत. "परंतु आमच्या रेकॉर्डनुसार बाकी आहे" हा तर थेट निकालच झाला. "पुरावा सादर करावा" ही कोर्टाची भाषा आहे. आणि "अन्यथा" आला की आधी लिहिलेलं सगळं तो विसरतो आणि धमकी तेवढी लक्षात ठेवतो.

माझ्या मते मात्र या मसुद्याचा सर्वांत मोठा दोष सुरात नाही. काय पाठवायचं हेच तो सांगत नाही. "पुरावा" म्हणजे काय? पासबुकाची झेरॉक्स, मोबाइलचा स्क्रीनशॉट की बँकेचं पत्र? ज्याला नेमकं काय हवं ते कळलेलं नाही, तो "सगळं आहे आमच्याकडे, येऊन बघा" म्हणून मोकळा होतो. नेमकं मागितलं तर मागणं आपोआप सौम्य होतं, कारण देणाऱ्याचे कष्ट कमी होतात.

नेमकं काय मागायचं हे ठरवण्याआधी आपलं घर तपासणं आलं. नुसतं 47,200 हा आकडा बँक स्टेटमेंटमध्ये शोधून "नाही आला" म्हणणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. हॉटेल या फर्मच्या बिलांतून टीडीएस कापतं. भागीदारी फर्मला दिलेल्या कंत्राटी कामावर तो 2 टक्के असतो, आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर फक्त मूळ कामाच्या रकमेवर धरतात. म्हणजे 40,000 वर 800 रुपये. मग खात्यात येणार 46,400. हा आकडा न शोधता पाठवलेलं पत्र आपणच चुकीचं ठरवतो.

याच्या पुढचा एक गैरसमज अनुभवी लोकांनाही होतो. आयकर खात्याच्या फॉर्म 26 एएसमध्ये हॉटेलने कापलेले 800 रुपये दिसले, की "म्हणजे त्यांनी पैसे दिलेच असणार" असं वाटतं. तसं नसतं. बिल वहीत जमा धरलं किंवा पैसे दिले, यांतलं जे आधी घडेल तेव्हा टीडीएस कापायचा असतो. त्यामुळे 26 एएसमधली नोंद एवढंच सांगते, की हॉटेलच्या अकाउंटंटने आपलं बिल वहीत घेतलं आहे. पैसे निघाले की नाही, हे त्यातून कळत नाही.

मग मागायचं काय? बँकेतून गेलेल्या प्रत्येक रकमेला स्वतःचा एक क्रमांक मिळतो. त्याला यूटीआर म्हणतात. आरटीजीएसचा 22 अक्षर-अंकांचा, एनईएफटीचा साधारण 16 चा आणि यूपीआय किंवा आयएमपीएसने पाठवलेल्या रकमेचा 12 अंकी असतो. हा क्रमांक हातात आला की आपण आपल्या स्टेटमेंटमध्ये तो थेट शोधू शकतो, आणि तिथे सापडला नाही तर आपल्या बँकेला विचारू शकतो. तारीख, रक्कम आणि यूटीआर या तीन गोष्टी मिळाल्या तर बाकी कशाची गरज पडत नाही.

स्क्रीनशॉटवर मात्र विसंबू नये. ग्राहक लबाड असतो म्हणून हे सांगत नाही. स्क्रीनशॉट त्या क्षणापुरताच खरा असतो, म्हणून सांगतो. कंपन्यांच्या नेट बँकिंगमध्ये एक जण रक्कम भरतो आणि दुसऱ्याने मंजुरी दिल्यावरच ती निघते. अकाउंटंटने भरलं, मालकांनी मंजूर करायचं राहिलं, तर अकाउंटंट मनापासून म्हणणार, "मी पाठवलेत." एनईएफटीत खाते क्रमांक चुकला आणि रक्कम जमा होऊ शकली नाही, तर ती पाठवणाऱ्याच्या खात्यात परत येते. पैसे गेल्याचा मेसेज त्याने वाचलेला असतो, परत आल्याचा तेवढ्या लक्षपूर्वक वाचलेला नसतो. दोन्ही प्रसंगांत माणूस खरं बोलतोय आणि पैसेही आलेले नाहीत. म्हणून स्क्रीनशॉटऐवजी स्टेटमेंटमधली ती एक ओळ मागावी. एकच ओळ. अख्खं स्टेटमेंट मागणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातली सगळी देणी-घेणी पाहायला मागणं, आणि त्याला कोणीही नकारच देईल.

चेकच्या बाबतीत चेक क्रमांक आणि तो कोणत्या तारखेला वटला, हे विचारायचं. नुसता "चेक दिला" याचा अर्थ पैसे मिळाले असा होत नाही. तो कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये असू शकतो, आणि चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने असते. रोख रक्कम दिली असं म्हणाले तर प्रकरण जास्त नाजूक होतं, कारण मग आपल्याच माणसाचं नाव निघू शकतं. तिथे "कुणाला दिलेत?" असं उलटून विचारण्यापेक्षा पावती क्रमांक विचारावा. पावती नसेल तर साधारण तारीख. पुढची चौकशी आपल्या ऑफिसात, दार लावून करायची.

हे सगळं लक्षात आल्यावर ऑफिसातल्या त्या मुलीने मसुदा बदलला. पण आता लंबक दुसऱ्या टोकाला गेला:

"आपणास झालेल्या त्रासाबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. आपण पेमेंट केलेच असणार, याबद्दल शंकाच नाही. तरी जमल्यास, सवडीने, काही माहिती मिळाली तर बरे होईल."

हे पहिल्यापेक्षा गोड आहे, पण कामाचं नाही. अजून आपली चूक सिद्ध झालेली नसताना दिलगिरी कशाची? आणि "पेमेंट केलेच असणार, शंकाच नाही" हे तर लिहूच नये. उद्या पैसे खरोखर आलेले नाहीत असं निघालं, तर हेच वाक्य ग्राहक आपल्यासमोर धरेल. "सवडीने" म्हटलं की ती सवड कधीच मिळत नाही.

पहिल्या मसुद्याने ग्राहकाला खोटं ठरवलं, दुसऱ्याने रक्कम मिळाल्यासारखी कबुली दिली. या दोघांमधली वाट म्हणजे फक्त आपल्या डोळ्यांना काय दिसलं तेवढंच लिहायचं. "आपण पैसे भरलेले नाहीत" हे ग्राहकाबद्दलचं विधान झालं. "रक्कम आलेली नाही" हा निकाल झाला. "रक्कम आम्हाला अजून सापडलेली नाही" हे आपल्या शोधाबद्दलचं विधान आहे. ते शंभर टक्के खरं आहे, त्यात कुणावर आरोप नाही आणि कबुलीही नाही. पत्राचा सगळा तोल या एका वाक्यावर राहतो.

असं करत शेवटी जे पत्र गेलं, ते हे:

"विषय: बिल क्र. 118, दि. 3 मार्च, रु. 47,200. रक्कम शोधण्यासाठी थोडी माहिती हवी आहे

नमस्कार साहेब,

बिल क्र. 118 ची रक्कम मार्चमध्येच पाठवल्याचा आपला निरोप मिळाला. त्यानंतर आम्ही 3 मार्चपासून आजपर्यंतचं आमचं बँक स्टेटमेंट पुन्हा पाहिलं. रु. 47,200 किंवा टीडीएस वजा जाता रु. 46,400 अशी नोंद आम्हाला अजून सापडलेली नाही. दोन बिलांची रक्कम एकत्र आली असेल किंवा दुसऱ्या नावाने जमा झाली असेल, तर ती आमच्या नजरेतून सुटलेली असू शकते.

शोध लवकर लागावा म्हणून पैसे पाठवल्याची तारीख, एकूण रक्कम, यूटीआर क्रमांक आणि ज्या खात्यात पाठवले त्याचे शेवटचे चार अंक एवढं कळवाल का? आपल्या स्टेटमेंटमधल्या त्या एका ओळीचा फोटो पाठवलात तरी चालेल. बाकीच्या नोंदी झाकून पाठवा. चेकने दिले असतील तर चेक क्रमांक आणि वटल्याची तारीख पुरे. हा निरोप आपल्या अकाउंटंटकडे तसाच पुढे पाठवलात तरी काम होईल.

शुक्रवारपर्यंत माहिती मिळाली तर शनिवारी बँकेकडून खात्री करून आम्ही आपल्याला लेखी कळवू. तोपर्यंत या बिलाची आठवण आमच्याकडून येणार नाही."

खाली लिहिणाऱ्या मुलीचं नाव आणि तिचा थेट फोन नंबर. फर्मच्या नावाने आलेल्या पत्रावर माणूस चिडतो, नाव घालून लिहिणाऱ्या माणसावर जरा कमी चिडतो.

यातल्या काही जागा मुद्दाम थांबून पाहण्यासारख्या आहेत. विषयाच्या ओळीत "थकबाकी" नाही, कारण ग्राहकाच्या मते थकबाकी नाहीच. पहिल्या वाक्यात त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत परत सांगितलं आहे, पण त्यावर हो किंवा नाही म्हटलेलं नाही. त्याच्याकडे काही मागण्याआधी आपण काय केलं ते सांगितलं आहे, म्हणजे मागण्याचा अधिकार आधी कमावला. अकाउंटंटचा उल्लेख तर फार उपयोगाचा. "भरलंय" म्हणणारे मालक असतात आणि यूटीआर अकाउंटंटच्या संगणकात असतो. मालकांना स्वतः उठून शोधायला लागलं तर ते वैतागणार. तोच निरोप पुढे ढकलायचा असेल तर त्यांना अर्धं मिनिट लागतं. म्हणूनच हे पत्र असं लिहिलेलं आहे, की आधीचं काही न वाचलेल्या अकाउंटंटलाही ते कळावं.

शेवटच्या परिच्छेदात आठवण न करण्याचं वचन आहे, पण ते शुक्रवारपर्यंतचं आहे. "पुन्हा मेसेज करू नका" या तक्रारीला तेवढं उत्तर पुरेसं होतं. मुदत न घालता असं वचन दिलं असतं तर आपले हात आपणच बांधले असते.

खात्याचे शेवटचे चार अंक का विचारले, हेही सांगायला हवं. कधी कधी ग्राहकाने पैसे खरोखर पाठवलेले असतात, पण भलत्याच खात्यात. कुणीतरी आपल्या फर्मच्या नावाने, आपल्यासारखाच दिसणारा ईमेल पाठवून "आमचं बँक खातं बदललं आहे" असं कळवलेलं असतं. अशी फसवणूक असेल तर ती या चार अंकांनीच उघडी पडते. अंक आपल्या खात्याचे नसतील तर पत्रव्यवहार तिथेच थांबवावा, ग्राहकाला ताबडतोब फोन करावा आणि त्याला त्याच्या बँकेत व 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करायला सांगावं. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचे असतात, त्यामुळे तिथे तास मोजले जातात. याच कारणाने आपल्या उत्तरात स्वतःचा खाते क्रमांक किंवा पैसे भरायची लिंक कधीच घालू नये. शंकेच्या पत्रात नवा खाते क्रमांक आला, तर ते पत्रच संशयास्पद ठरतं.

आपल्या उदाहरणात असं काही झालं नव्हतं. गुरुवारी हॉटेलच्या अकाउंटंटचा मेसेज आला: 24 मार्च, एनईएफटी, रक्कम 58,000, सोबत यूटीआर. क्रमांक टाकताच नोंद सापडली. पैसे आले होते, पण हॉटेलच्या नावाने नाही. हॉटेलमालकांचंच एक मंगल कार्यालय आहे आणि त्याचंही काम ही फर्म करते. त्याचं बिल होतं 11,800 रुपयांचं. मूळ काम 10,000, त्यावर टीडीएस 200, म्हणजे देणं 11,600. त्यांनी मंगल कार्यालयाच्या खात्यातून हॉटेलचे 46,400 आणि कार्यालयाचे 11,600 असे एकत्र 58,000 पाठवले होते. इकडे फर्मच्या टॅलीत 58,000 मंगल कार्यालयाच्या नावावर जमा झाले, त्यातले 11,600 त्याच्या बिलाला लावले गेले आणि उरलेले 46,400 "ऑन अकाउंट" पडून राहिले. एका खात्यात 46,400 जास्तीची जमा, दुसऱ्या खात्यात बिल येणे. दोन्ही पानं शेजारी ठेवून कुणी पाहिलीच नव्हती.

अशी "ऑन अकाउंट" पडलेली रक्कम आपल्या सोयीने कुठेही लावता येत नाही. पैसे कोणत्या देण्यापोटी दिले हे देणाऱ्याने सांगितलं असेल, किंवा परिस्थितीवरून ते उघड दिसत असेल, आणि आपण ती रक्कम स्वीकारली असेल, तर ती त्याच देण्याला लावावी लागते. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 59 हेच सांगतं. त्यामुळे एका ग्राहकाच्या नावावरची जमा दुसऱ्याकडे वळवण्याआधी मालकांकडून एका ओळीचा लेखी निरोप घ्यायचा: "24 मार्चच्या 58,000 पैकी 46,400 हॉटेलच्या बिल क्र. 118 पोटी आहेत." तो आल्यावर जर्नल एन्ट्री करायची. शनिवारी हे झालं, आणि त्याच दिवशी हॉटेलला पावतीसह पत्र गेलं: रक्कम 24 मार्चलाच मिळाली होती, ती चुकून दुसऱ्या खात्यावर धरली गेली होती, बिल क्र. 118 पूर्ण मिटलं आहे, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. दिलगिरीची जागा ही. आता ती खरी होती, म्हणून ती पोचली.

दर वेळी असा शेवट होत नाही. शुक्रवार उलटला, माहिती आली नाही, फोनवर पुन्हा तेच "भरलंय" ऐकू आलं, तर दुसरं पत्र जास्त सरळ लिहावं. सोबत त्या ग्राहकाचा पूर्ण खातेउतारा जोडावा आणि त्यांच्याकडचा उतारा मागावा. दोन्ही उतारे समोरासमोर ठेवले की फरक एका ओळीवर येतो. त्या पत्रात हेही स्वच्छ लिहावं, की अमुक तारखेपर्यंत भरण्याचा तपशील मिळाला नाही तर बिल येणे आहे असं आम्ही धरू. हे उद्धट नाही. पैसे दिल्याचं दाखवून देणं ही शेवटी पैसे दिले म्हणणाऱ्याचीच जबाबदारी असते. शिवाय उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाला 2006 च्या एमएसएमईडी कायद्याचा आधार आहे. लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांच्या आत यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण हा कायदा पहिल्या पत्रात आणू नये. तिथे तो आणला की अकाउंटंटकडे जाणारं पत्र वकिलाकडे जातं, आणि मग यूटीआर मिळायला महिने लागतात.

तुमच्याकडे अशी बिलं निघत असतील तर आजच बिलाच्या नमुन्यात तळाला एक ओळ वाढवा: "पैसे पाठवल्यावर बिल क्रमांक, रक्कम आणि यूटीआर या नंबरवर कळवावा." आणि महिन्यातून एकदा टॅलीतली "ऑन अकाउंट" पडलेली जमा काढून बघा, आठवणीचे मेसेज पाठवण्याआधी.